बारा दिवस एकच पेशंट

लॅबवाल्या भाऊचं आणि माझं पहिल्या दिवसापासून पटलं नाही. तो म्हणायचा, कॉम्प्युटरवाले काम वाढवतात. मी म्हणायचो, लॅबवाल्यांना काम नको असतं. दोघंही थोडेथोडे खरे होतो, म्हणून भांडण कधी मिटलं नाही.

साकोलीच्या बाजूला एका धर्मादाय दवाखान्यात मी नोकरीला होतो. दवाखाना लहान, चाळीस खाटांचा. मी रोज कारध्याहून एसटीने जायचो, आणि पोचेपर्यंत माझं डोकं अर्धं तापलेलं असायचं. कामाचं नाव मोठं होतं, पण करायचं एवढंच की दवाखान्यातल्या सगळ्या यंत्रांचा आणि रजिस्टरांचा डेटा एका जागी आणायचा, आणि ज्याला जी यादी लागते ती त्याला सकाळी तयार मिळाली पाहिजे.

त्यातली सगळ्यात महत्त्वाची यादी सिस्टरची. सिस्टर सानगडीची. गावोगाव शिबिरं घेऊन गरोदर बायांचं रक्त गोळा करायचं काम तिच्याकडे होतं. एकोडी, सानगडी, आसपासची सगळी खेडी तिने पायाखाली घातलेली. रक्ताच्या नळ्या संध्याकाळी लॅबमध्ये यायच्या आणि भाऊ त्या मशीनमध्ये लावायचा. मशीन रक्तपेशी मोजायचं, हिमोग्लोबिन काढायचं आणि आकडे एका तारेतून शेजारच्या कॉम्प्युटरला पाठवायचं. तिथून ते माझ्या टेबलमध्ये पडायचे, एका पेशंटची एक ओळ. त्या ओळींतून जिचं हिमोग्लोबिन सातच्या खाली ती बाई सिस्टरच्या यादीत. सिस्टर सकाळी चहा पिता पिता यादी उघडायची आणि फोन लावायची. “बाई, रक्त कमी हाय, आजच्या आज ये.”

ज्यांचं ठीक असेल त्यांना फोन नाही. एवढ्या बायांना फोन करायला माणूस कुठून आणायचा? म्हणून शिबिरात सिस्टर दरवेळी सांगायची, “फोन आला तर यायचं. नाही आला तर समजायचं का सारं बरं हाय.” गावात ही गोष्ट एवढी पक्की बसली होती की फोन न येणं ही आमच्याकडे आनंदाची बातमी होती. सासवा शेजारणींना सांगायच्या, आमच्या सुनेला दवाखान्याचा फोन आला नाही म्हणून.

आता यात धोका कुठे आहे हे शेंबड्या पोरालाही कळेल. मलाही कळलं होतं. मशीनकडून आकडे येणंच बंद झालं, तर यादी रिकामी राहणार, आणि रिकामी यादी बघून सिस्टर खूश होणार. सगळ्या बाया ठणठणीत असल्या तरी यादी रिकामीच, आणि तार तुटली असली तरी रिकामीच. वरून बघणाऱ्याला फरक दिसत नाही.

म्हणून मी घंटी बसवली. घंटी म्हणजे खरी घंटी नव्हे, मोबाइलवर येणारा मेसेज. दर दोन तासांनी एक छोटा प्रोग्राम टेबलात जाऊन बघायचा की शेवटची ओळ कधीची आहे. चोवीस तासांत एकही नवी ओळ पडली नसेल तर माझ्या आणि भाऊच्या फोनवर मेसेज जायचा: लॅबकडून काही येत नाही, तपासा. भाऊने मशीन बघायचं आणि मला कळवायचं. नाही कळवलं तर दर दोन तासांनी पुन्हा मेसेज. काम चोख होतं, आणि मला त्याचा गर्वही होता. तो गर्व आता आठवला की अंगाची लाही होते.

भांडण रविवारवरून पेटलं. रविवारी लॅब बंद. शनिवारी दुपारी चारला शेवटची ओळ पडली की रविवारी चार वाजून गेल्यावर मेसेज यायचाच, आणि भाऊने कळवलं नाही तर सोमवारी पहिली नळी लागेपर्यंत येत राहायचा. सणवाराला तेच. भाऊ दवाखान्याच्या मागच्या क्वार्टरमध्ये राहायचा. दोनतीन रविवार तो मुकाट्याने उठून लॅबमध्ये गेला आणि मशीन ठीक आहे म्हणून कळवून आला. चौथ्या रविवारी तो मेहुणीच्या लग्नात जेवायला बसला होता, आणि मेसेज आला. सोमवारी तो माझ्या खोलीत शिरला तो चप्पल न काढताच.

“तुह्या मशीनले रविवार समजत नाही का?”

“मशीन तुमचं आहे, माझं नाही.”

“मंग मेसेज कायले पाठवतं? पंगतीतून उठून आलो मी. पाव्हणे हासून राहिले होते.”

खरं म्हणजे उपाय सोपा होता. प्रोग्रामला सुट्ट्यांचं कॅलेंडर द्यायचं, की रविवारी आणि सणाला ओळ येणार नाही, गप्प बस. अर्ध्या दिवसाचं काम. पण त्या सोमवारी माझ्यासमोर तीन दुसरी कामं होती, भाऊचा आवाज चढला होता, आणि बाहेर व्हरांड्यातले पेशंट कान देऊन ऐकत होते. मला त्याचा असा राग आला की मी कॉम्प्युटरवरून नजरसुद्धा उचलली नाही.

“एक काम करा,” मी म्हणालो. “टेस्ट नावाचा एक खोटा पेशंट बनवा. रविवारी त्याची एक ओळ हाताने टाकून द्या. ओळ पडली की मेसेज येणार नाही. तुम्ही खा पंगतीत पोटभर.”

“बस, एवढंच?”

“एवढंच.”

त्याला वाटलं मी उपाय सांगितला. मी त्याला कटवला होता. पण कटवायला सांगितलेली गोष्टसुद्धा माणसं नेमाने पाळतात, हे मला तेव्हा सुचलं नाही. भाऊ नेमाचाच माणूस. रोज सकाळी आठला तो लॅब उघडायचा, रविवारीही, मशीनला अगरबत्ती लावायचा आणि पाच मिनिटं हात जोडून उभा राहायचा. त्यानंतर आता तो कॉम्प्युटरवर बसून टेस्ट नावाच्या पेशंटची ओळ टाकू लागला. फक्त रविवारी टाकायचं लक्षात राहणार नाही म्हणून रोजच. हिमोग्लोबिन बारा. अपशकुन नको म्हणून चांगला आकडा.

घंटी गप्प झाली. मी सुखावलो. का गप्प झाली हे मला माहीत होतं, तरी मी तिच्या गप्प राहण्यावर विश्वास ठेवू लागलो. एवढा मूर्खपणा करायला शिकलेला माणूसच लागतो.

पावसाळ्यात एका दुपारी वीज कडाडली आणि दवाखान्याचे दोन पंखे आणि एक टीव्ही गेला. लॅबचं मशीन वाचलं. मशीन आणि कॉम्प्युटरच्या मध्ये तारेला बोटाएवढं जोडणीचं डबडं असतं, ते मात्र जळलं. बाहेरून काही दिसलं नाही. मशीन पूर्वीसारखं मोजत होतं, पडद्यावर आकडे दाखवत होतं, आपल्या छोट्या प्रिंटरवर चिठ्ठी छापत होतं. दवाखान्यात आलेल्या पेशंटची चिठ्ठी भाऊ सही करून फाइलला लावायचा, म्हणून डॉक्टरांना काहीच कमी पडलं नाही. शिबिरातल्या बायांच्या चिठ्ठ्यांचं कुणाला काही काम नव्हतं, त्यांचे आकडे तारेतून जातात ना! त्या चिठ्ठ्या तो प्रिंटरवरून तोडून टेबलाखालच्या खोक्यात टाकायचा.

तारेतून काहीच जात नव्हतं. पण सकाळी आठला हाताने टाकलेली टेस्टची ओळ मात्र जात होती. कॉम्प्युटर ठीक होता, दवाखान्याचं नेटवर्क ठीक होतं, माझं टेबल ठीक होतं. बंद पडला होता फक्त उगम. आणि माझा प्रोग्राम दर दोन तासांनी जाऊन बघायचा, शेवटची ओळ आजची आहे, सगळं बरं आहे.

पाचव्या दिवशी सिस्टर दारात आली होती. “दादा, यादी खाली हाय सोमवारपासून. पाहून घे बरं एकदा.”

तेव्हा रोवणे सुरू होते. धानाचे पऱ्हे उपटायचे आणि चिखलात लावायचे, सगळ्या बाया पाणी भरलेल्या बांध्यांत कमरेतून वाकलेल्या. शिबिराला गर्दी कमी असणार असं मी धरूनच चाललो होतो. शिवाय भाऊशी पुन्हा बोलायची माझी इच्छा नव्हती.

“घंटी वाजली नाही ना?” मी म्हणालो. “म्हणजे डेटा येऊन राहिला. बाया येत नसतील शिबिराले.”

“येऊन राहिल्या ना. एकोडीत तर तीसेक बाया होत्या.”

“मग त्यांचं रक्त चांगलं असेल. कधी तरी चांगलं मान ना सिस्टर, दरवेळी तुले संकटच पायजे का?”

तिने माझ्याकडे एकदा बघितलं आणि गेली. तिच्या जागी मी असतो तर खुर्ची उचलून मारली असती.

बाराव्या दिवशी ती दारात थांबली नाही. सरळ आत आली आणि तिचं जाडजूड शिबिराचं रजिस्टर माझ्या कीबोर्डवर आपटलं.

“बारा दिवसांत एकबी बाई कमी रक्ताची नाही? या जिल्ह्यात? रोवण्यात? मले येडी समजतोस का तू?”

मी तोंड उघडलं तर म्हणाली, “घंटीचं नाव काढशील तर पाहाच. टेबल उघड. माह्या डोळ्यासमोर उघड.”

मी उघडलं. बारा दिवस, बारा ओळी. नाव टेस्ट, हिमोग्लोबिन बारा, वेळ सकाळी आठ आणि काही मिनिटं. दुसरं काही नाही.  सिस्टर माझ्या खांद्यावरून वाकून वाचत होती.

“हा टेस्ट कोण हाय?” तिने विचारलं.

मी उठून लॅबकडे धावलो, आणि ती माझ्या मागे. भाऊ मशीनमध्ये नळी लावत होता.

“मशीनकडून बारा दिवस काही आलं नाही,” मी ओरडलो. “तुम्हाला दिसत नाही का?”

“मशीन चालू हाय. पाय ना, चिठ्ठी निघून राहिली.”

“कॉम्प्युटरवर कधी यादी पाहिली?”

“मी कायले पाहू? मी टेस्टची ओळ टाकतो अन् बंद करतो. तूच तं सांगतलं होतं.”

मी त्याला शिव्या दिल्या, ज्या मी इथे लिहिणार नाही. त्यानेही दिल्या. आमची दोघांची तोंडं चालू असताना सिस्टर टेबलाखाली बसली आणि खोकं बाहेर ओढून फरशीवर उलटं केलं. बारा दिवसांच्या चिठ्ठ्या. ती एकेक उचलून वाचू लागली. “दहा. नऊ. साडेअकरा.” आमचं भांडण आपोआप थांबलं आणि आम्हीही खाली बसलो. तिघं फरशीवर बसून चिठ्ठ्या निवडत होतो. भाऊने सातच्या खालच्या चार काढल्या. तीन सहाच्या वर होत्या. चौथी पाच पूर्णांक दोन. एकोडीची, सातवा महिना. तारीख अकरा दिवसांपूर्वीची.

सिस्टरने तिथूनच तिला फोन लावला. कुणी उचलला नाही. बाकीच्या तिघींना निरोप मिळाला, ही एकच उरली. सिस्टरने दवाखान्याची गाडी काढायला लावली आणि मला म्हणाली, “बस. तूबी चाल.” भाऊ न सांगता मागे येऊन बसला.

एकोडीत घराला कडी होती. शेजारच्या म्हातारीने बांध्यांकडे बोट दाखवलं. गावाबाहेर तळ्याच्या खालच्या अंगाला पंधरावीस बाया रांगेत रोवणा लावत होत्या. त्यात ती नव्हती. ती बांधीच्या कडेला धुऱ्यावर बसली होती, पाय चिखलात, डोकं गुडघ्यांवर. सिस्टरने तिची पापणी खाली ओढून बघितली. आत लाली अजिबात नव्हती. बसल्या जागी तिला धाप लागत होती.

“कधीपासून दम लागते, माय?”

“चारपाच दिवस झाले. वाकून वाकून लागत असन म्हटलं.”

“अन् बाळ? फिरते का पोटात?”

तिने आठवायचा प्रयत्न केला. “काल संध्याकाळी... नाही, परवा.”

तिचा नवरा पलीकडच्या बांधीत चिखलणी करत होता, तो धावत आला. त्याला सगळं कळायला दोन मिनिटं लागली, आणि कळल्यावर त्याने सिस्टरला सोडून मला धरलं. का मला, कोण जाणे. माझे कपडे कोरडे होते म्हणून असेल.

“अकरा दिवस झाले रक्त नेऊन! फोन काहून नाही केला? फोन नाही आला तं बरं हाय समजा, असं तुमीच सांगता ना?”

त्याने माझी कॉलर सोडली नाही. भाऊ मध्ये पडला, त्यालाही एक धक्का बसला आणि तो चिखलात बसला. रांगेतल्या बाया हातात पऱ्ह्यांच्या पेंढ्या धरून आमच्याकडे बघत होत्या. कुणी सोडवायला आलं नाही, आणि बरोबरच होतं.

दवाखान्यात डॉक्टरांनी पोटावर यंत्र ठेवलं आणि बराच वेळ फिरवत राहिले. बाळाचे ठोके मिळाले नाहीत. दुसरं यंत्र आणलं, तरी नाही. आधी तिला दोन पिशव्या रक्त चढवलं, मग बाळंत केलं. मुलगी होती. डॉक्टर नंतर मला म्हणाले की त्या अकरा दिवसांमुळेच झालं असं छातीठोक सांगता येत नाही, पण एवढ्या कमी रक्तावर पहिल्याच दिवशी दाखल केलं असतं तर तिला चिखलात वाकू दिलं नसतं एवढं नक्की. मला धीर द्यायला बोलले की झोंबायला, ते त्यांचं त्यांना ठाऊक.

दुसऱ्या दिवशी मी दुरुस्ती केली. खोटी ओळ मोजायची नाही. फक्त मशीनकडून आलेल्या खऱ्या पेशंटच्या ओळी मोजायच्या. शिबिराच्या वेगळ्या, दवाखान्याच्या वेगळ्या, म्हणजे एकीकडून आलेल्या ओळींमागे दुसरीकडची शांतता लपणार नाही. सिस्टरने किती नळ्या दिल्या आणि किती ओळी आल्या हे रोज जुळवायचं. आणि सुट्ट्यांचं कॅलेंडर. जेवणाच्या सुट्टीआधी सगळं झालं. अर्धा दिवससुद्धा लागला नाही.

मग मी वॉर्डात गेलो. कुणी बोलावलं नव्हतं. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. सिस्टर सलाइन बघत होती, आणि खाटेच्या पायथ्याशी तिची सासू फरशीवर बसली होती. मी उभा राहिलो, आणि काहीतरी बोललं पाहिजे म्हणून म्हणालो, “ताई, वीज पडली तेव्हा मशीनची तार जळली. त्यामुळे तुमचा रिपोर्ट आमच्यापर्यंत पोचलाच नाही.”

सिस्टर माझ्याकडे न बघता म्हणाली, “तार जळली ते सांगतलंस. आता त्याच्या पुढचंबी सांग.”

पळून जावंसं वाटलं. पण ती बाई आता माझ्याकडे वळून बघत होती.

“तार जळली तर आम्हाला कळावं म्हणून घंटी होती,” मी म्हणालो. “ती सुट्टीच्या दिवशी त्रास द्यायची. म्हणून तिला फसवायची युक्ती मीच सांगितली होती. लॅबवाल्या भाऊची चूक नाही. सिस्टरने मला पाचव्या दिवशी विचारलं होतं, तेव्हाही मी बघितलं नाही.”

ती रागावेल, रडेल, निदान नवऱ्याला हाक मारेल, असं मला वाटलं. मी त्याची वाट बघत होतो, कारण शिव्या खाऊन माणूस मोकळा होतो. तिने हाताने मला जवळ बोलावलं. मग सासूला ऐकू जाणार नाही एवढ्या हळू आवाजात म्हणाली, “आठ दिवसांआंधी सासू म्हणत होती, तुहं तोंड पांढरं दिसते, दवाखान्यात जाऊन ये. मी तिच्यासंग भांडली. म्हटलं, तुमाले काही समजत नाही, फोन नाही आला म्हंजे सारं बरं हाय.”

तिने सासूकडे बघितलं. सासू पदराने तिचे पाय पुसत होती.

“ते मले एक शब्द बोलून नाही राहिली,” ती म्हणाली. “तुमी सांगा ना तिले, का मी खोटं नव्हती बोलली.”